कोऱ्या टॉवेलवरून धुतलेल्या टॉवेलचं वजन: बायव्हेरिएट नॉर्मल, सशर्त वितरण आणि दोन रिग्रेशन रेषा

प्रश्न: सर, मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. मागावरून उतरलेल्या कोऱ्या टॉवेलचं वजन (X) सरासरी ५४० ग्रॅम, प्रमाण विचलन १५. तोच टॉवेल धुऊन-सुकवून आल्यावर (Y) सरासरी ५१०, प्रमाण विचलन १२. सहसंबंध ०.८. पुस्तकातल्या सशर्त वितरणाच्या सूत्राने ५७० ग्रॅमच्या कोऱ्या टॉवेलचं धुतल्यावरचं अपेक्षित वजन ५२९.२ येतं. मग उलट ५२९.२ घालून X काढला तर ५७० यायला पाहिजे ना? ५५९.२ येतोय. माझं कुठे चुकतंय? आणि हे सूत्र व रिग्रेशन एकच आहे का? आमच्या गिऱ्हाइकाची अट धुतल्यावर किमान ५०० ग्रॅमची आहे, त्यासाठी हे वापरता येईल का?

उत्तर:

तुमचं काहीच चुकलेलं नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या ढिगांच्या सरासऱ्या आहेत. पहिल्यात तुम्ही कोऱ्या मालातून ५७० ग्रॅमचे टॉवेल वेगळे काढता आणि धुतल्यावर त्यांचं काय झालं ते बघता. दुसऱ्यात धुतलेल्या मालातून ५२९ ग्रॅमचे टॉवेल वेगळे काढता आणि ते आधी किती होते ते शोधता. या दोन ढिगांत बरेचसे टॉवेल वेगवेगळेच असतात. त्यामुळे एकावरून दुसऱ्याकडे गेलं आणि परत आलं की निघालो तिथेच पोचू, अशी अपेक्षा धरायला आधार नाही.

सूत्र पाठ करण्यापेक्षा ते कुठून येतं हे एकदा नीट बघा, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या उगमातच आहेत. पुस्तकात घनता-फलनांचा भागाकार करून वर्ग पूर्ण करतात. ते बरोबरच आहे, पण त्या बीजगणितात मुद्दा बुडतो. दुसरी वाट आखूड आहे.

Y मधून X चा काही पट वजा करा आणि उरलेल्याला e म्हणा:

e = Y − βX

β अजून ठरलेला नाही. तो असा निवडायचा की e चा X शी कोव्हेरियन्स शून्य व्हावा. Cov(X, Y) − β Var(X) = 0 यावरून

β = Cov(X, Y) / Var(X) = ρ σ_Y / σ_X

तुमच्या आकड्यांनी ०.८ × १२ / १५ = ०.६४. इथपर्यंत नॉर्मल वितरणाचा काहीही संबंध आलेला नाही. कुठल्याही दोन चलांसाठी हे करता येतं.

नॉर्मल वितरण कामाला येतं ते पुढच्या पायरीला. X आणि Y यांचं संयुक्त वितरण नॉर्मल असेल, तर X आणि e यांचंही संयुक्त वितरण नॉर्मल असतं, कारण e हे त्या दोघांचंच रेषीय मिश्रण आहे. आणि संयुक्त नॉर्मलमध्ये कोव्हेरियन्स शून्य असला की दोन्ही चलं पूर्णपणे स्वतंत्र असतात. हा गुण इतर वितरणांत सहसा मिळत नाही. म्हणजे X किती आहे हे कळलं तरी e बद्दल काहीच नवीन कळत नाही. कोरा टॉवेल ५१० चा असो नाहीतर ५७० चा, e चं वितरण तेच राहतं.

आता Y = βX + e यात X = x टाका. βx हा आकडा ठाम झाला, e जसा होता तसाच राहिला. म्हणून X = x दिल्यावर Y नॉर्मल असतो, त्याची सरासरी

E(Y | X = x) = μ_Y + β (x − μ_X)

आणि त्याचा व्हेरियन्स म्हणजे e चाच व्हेरियन्स:

Var(Y | X = x) = σ_Y² (1 − ρ²)

हा व्हेरियन्स x वर का अवलंबून नाही, असा प्रश्न वर्गात नेहमी येतो. त्याचं उत्तर वरच्या परिच्छेदातच आहे. e हा X पासून स्वतंत्र आहे, मग त्याचा पसारा x प्रमाणे बदलायला वावच नाही. तुमच्याकडे १ − ०.६४ = ०.३६, त्याचं वर्गमूळ ०.६, म्हणून सशर्त प्रमाण विचलन १२ × ०.६ = ७.२ ग्रॅम. (इथला ०.६४ हा ρ चा वर्ग आहे. उतारही योगायोगाने ०.६४ च आलाय. दोन्हींची गल्लत करू नका.)

थोडक्यात, कोरं वजन माहीत नसताना धुतलेल्या टॉवेलबद्दल तुम्ही "५१०, दोन्हीकडे बारा" एवढंच म्हणू शकत होता. कोरं वजन ५७० आहे असं कळल्यावर "५२९.२, दोन्हीकडे सात" म्हणू शकता. सरासरी सरकली आणि पसारा आवळला. पण सहसंबंध ०.८ असूनही पसारा बारावरून सातावरच आला, हे लक्षात घ्या. ०.८ ऐकल्यावर माणसाला अंदाज फार पक्का होईल असं वाटतं, तितका तो होत नाही.

आता उलट्या हिशेबाकडे या. X आणि Y ची अदलाबदल करून तीच रीत लावली तर उतार ρ σ_X / σ_Y = ०.८ × १५ / १२ = १.० येतो. म्हणून ५२९.२ ला ५४० + १.० × १९.२ = ५५९.२, आणि सशर्त प्रमाण विचलन १५ × ०.६ = ९ ग्रॅम.

५७० का येत नाही, हे एका ठोस तुलनेत दिसतं. धुतल्यावर ५२९ च्या आसपास भरलेला टॉवेल तुमच्या हातात आहे. तो ५७० च्या कोऱ्या टॉवेलमधून आला असेल की ५५५ च्या? ५७० चा टॉवेल धुतल्यावर सरासरीनेच ५२९ होतो, त्यामुळे त्याला काही विशेष करावं लागत नाही. ५५५ च्या टॉवेलची अपेक्षा ५१९.६ आहे. त्याला ५२९.२ गाठायला सरासरीपेक्षा ९.६ ग्रॅम वर, म्हणजे १.३३ प्रमाण विचलनं वर जावं लागतं. नॉर्मल घनतेच्या हिशेबाने याची शक्यता ५७० वाल्याच्या तुलनेत साधारण ०.४१ पट. इथपर्यंत ५७० चं पारडं जड दिसतं. पण मुळात कोऱ्या मालात ५५५ चे टॉवेल ५७० च्या टॉवेलांपेक्षा जवळपास साडेचार पट जास्त आहेत, कारण ५५५ सरासरीपासून एकच प्रमाण विचलन दूर आहे आणि ५७० दोन. ०.४१ आणि ४.५ यांचा गुणाकार १.८४ च्या आसपास येतो. म्हणजे ५२९ च्या ढिगात ५५५ मधून आलेले टॉवेल ५७० मधून आलेल्यांच्या पावणेदोन पटीहून जास्त असतात. म्हणूनच उलटी सरासरी ५४० कडे ओढली जाते.

आलेखावर हेच बघायचं असेल तर आडव्या अक्षावर कोरं वजन, उभ्या अक्षावर धुतलेलं वजन घ्या आणि समान घनतेच्या तिरप्या लंबवर्तुळांची मालिका काढा. ५७० वर एक उभी रेषा मारा. त्या रेषेवर सर्वात जास्त घनता कुठे असेल? जिथे ती रेषा एखाद्या लंबवर्तुळाला नुसती स्पर्श करते तिथे. असे सगळे स्पर्शबिंदू जोडले की Y ची X वरची रिग्रेशन रेषा मिळते. आडव्या रेषांचे स्पर्शबिंदू जोडले की X ची Y वरची रेषा मिळते. दोन्ही रेषा (५४०, ५१०) या मध्यबिंदूत एकमेकींना छेदतात, पण एक नसतात. याच आलेखावर त्यांचे उतार ०.६४ आणि १.० आहेत. दोघींच्या मधोमध, ०.८ उताराने, "एक प्रमाण विचलन उजवीकडे, एक प्रमाण विचलन वर" अशी जाणारी रेषा असते. नुसत्या डोळ्याने ठिपक्यांमधून रेषा मारायला सांगितली की बहुतेक जण ही मधलीच रेषा मारतात. ती दिसायला सर्वात योग्य वाटते, पण तिच्यावरून ५७० ला ५३४ असा अंदाज निघतो, आणि तो सरासरीने ४.८ ग्रॅम जास्त असतो.

ही लंबवर्तुळं आणि स्पर्शबिंदू फ्रान्सिस गाल्टन यांच्या लक्षात आले, तेही आकड्यांच्या तक्त्यावरून. २०५ आईवडील-जोड्या आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं यांच्या उंचींचा तक्ता त्यांनी केला होता. स्त्रियांच्या उंचीला १.०८ ने गुणून ती पुरुषांच्या मापात आणली होती. तक्त्यातल्या सारख्या संख्या जोडल्यावर लंबवर्तुळ दिसू लागलं. मग केंब्रिजचे गणिती हॅमिल्टन डिक्सन यांच्याकडून त्यांनी त्याचं गणित करून घेतलं, ते १८८६ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे रिग्रेशन ही कल्पना जन्मली तीच बायव्हेरिएट नॉर्मलच्या सशर्त सरासरीच्या रूपात. तुमच्या टॉवेलांचं "५७० वरून ५५९ वर येणं" हेच गाल्टन यांनी उंचीत पाहिलं होतं.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर एवढं चालवून बघा:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
x = rng.normal(540, 15, 100_000)
y = 510 + 0.64*(x - 540) + rng.normal(0, 7.2, x.size)
k = np.abs(x - 570) < 1
print(y[k].mean(), y[k].std())
m = np.abs(y - 529.2) < 1
print(x[m].mean(), x[m].std())
```

पहिली ओळ ५२९ आणि ७.२ च्या आसपास छापेल, दुसरी ५५९ आणि ९ च्या आसपास. दोन्ही ढीग एकाच आकडेवारीतून उचललेले आहेत.

आता सूत्र आणि रिग्रेशन एकच का, ते पाहू. संयुक्त घनता f(x) × f(y | x) अशी फोडता येते. उतार, छेद आणि e चा व्हेरियन्स हे तिन्ही दुसऱ्या भागात आहेत. पहिल्या भागात फक्त X ची सरासरी आणि प्रमाण विचलन. म्हणून लाइकलिहूड मोठी करताना उतारासाठी फक्त दुसरा भाग बघावा लागतो, आणि तो मोठा करणं म्हणजे e च्या वर्गांची बेरीज लहान करणं. लीस्ट स्क्वेअर्स म्हणतात ते हेच. बायव्हेरिएट नॉर्मलमध्ये रिग्रेशनच्या सगळ्या गृहीत गोष्टी, म्हणजे सरळ रेषा, सारखा पसारा आणि नॉर्मल e, आपोआप मिळतात. उलट बाजूने मात्र तसं नाही. रिग्रेशनला X नॉर्मल असण्याची गरजच नसते. तुम्ही मुद्दाम ५००, ५२०, ५४०, ५६०, ५८० असे पाच गट करून प्रत्येकी सारखे टॉवेल घेतले, तरी उतार ०.६४ आणि e चं प्रमाण विचलन ७.२ हेच मिळेल. सहसंबंध मात्र बदलेल.

या शेवटच्या वाक्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण कारखान्यातल्या नोंदी नेमक्या इथे फसवतात.

समजा कोऱ्या तपासणीच्या टेबलावर ५४० खालचे टॉवेल बाजूला काढले जातात आणि तुमच्याकडे फक्त वरच्या अर्ध्या मालाच्या जोड्या आल्या. X चं प्रमाण विचलन १५ वरून साधारण ९ वर येतं. उतार तसाच ०.६४, e चं विचलन तसंच ७.२. पण Y चा व्हेरियन्स आता ०.६४² × ८२ + ५१.८ म्हणजे सुमारे ८५, आणि सहसंबंध ०.८ वरून ०.६३ वर घसरतो. धुलाईत काहीही बिघडलेलं नसतं. "या महिन्यात संबंध कमजोर झाला" असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. म्हणून दोन महिन्यांची तुलना करताना r बघू नका. उतार आणि e चं प्रमाण विचलन बघा.

आता दुसरी परिस्थिती, आणि ही जास्त घातक आहे. नोंद पॅकिंगच्या टेबलावर होते आणि तिथपर्यंत हलके टॉवेल सेकंड, म्हणजे दुय्यम मालात निघून गेलेले असतात. म्हणजे गाळणी Y वर लागली. समजा ५१० खालचे गेले. वरच्यासारखाच हिशेब उलटा केला तर X ची Y वरची रेषा शाबूत राहते, पण आपल्याला हवी असलेली Y ची X वरची रेषा मोडते. उरलेल्या मालात Y चा व्हेरियन्स सुमारे ५२, कोव्हेरियन्सही ५२ (उलटा उतार १.० असल्यामुळे), X चा व्हेरियन्स ५२ + ८१ = १३३. लीस्ट स्क्वेअर्स तुम्हाला ५२ / १३३ म्हणजे ०.३९ उतार देईल. ०.६४ च्या जागी ०.३९! कारण उघड आहे. ५२० ग्रॅमचा कोरा टॉवेल पॅकिंगपर्यंत पोचला तो त्याचा e मोठा होता म्हणूनच. डाव्या बाजूचे फक्त वरचे ठिपके उरले आणि रेषा तिकडे उचलली गेली.

हे नोंदवहीवरून ओळखायची एक सोपी रीत आहे. कोऱ्या वजनाचे दहा-दहा ग्रॅमचे पट्टे पाडा, ५१०–५२०, ५२०–५३० असे, आणि प्रत्येक पट्ट्यातल्या धुतलेल्या वजनांची सरासरी व प्रमाण विचलन काढा. सगळं ठीक असेल तर सरासऱ्या दर पट्ट्याला साधारण ६.४ ने वाढतात आणि विचलन सगळीकडे साडेसातच्या जवळ राहतं. (७.२ पेक्षा जरासं जास्त, कारण पट्ट्याच्या आतही X बदलतो.) Y वर गाळणी लागलेली असेल तर डावीकडच्या पट्ट्यांत विचलन आकसलेलं दिसतं, सरासऱ्या सरळ न चढता तिथे सपाट होतात, आणि e चा आलेख खालून कापल्यासारखा दिसतो. दोन लॉट मिसळले असतील तर मधल्या पट्ट्यांत दोन गठ्ठे दिसतात. X चा वेगळा आणि Y चा वेगळा हिस्टोग्राम काढून "दोन्ही नॉर्मल दिसतात" म्हणणं पुरेसं नाही. दोन्ही चलं वेगवेगळी नॉर्मल असूनही संयुक्त वितरण नॉर्मल नसू शकतं. X नॉर्मल घ्या, नाणं उडवा, छाप पडला तर Y = X आणि काटा पडला तर Y = −X. सरासरी शून्य असेल तर दोन्ही अगदी नॉर्मल, सहसंबंधही शून्य, पण X कळला की Y दोनपैकी एकच आकडा असतो. स्वतंत्र असण्यापासून हे कितीतरी दूर आहे. म्हणून पट्ट्यांची तपासणी टाळू नका.

आता तुमची ५०० ग्रॅमची अट. कोरं वजन न बघता सांगायचं तर ५०० हे सरासरीपासून ०.८३ प्रमाण विचलन खाली आहे, म्हणजे सुमारे २० टक्के टॉवेल अटीत बसणार नाहीत. कोरं वजन कळलं की उत्तर बदलतं. ५४० च्या टॉवेलसाठी अपेक्षा ५१०, विचलन ७.२, अंतर १.३९ विचलनं, म्हणून नापास होण्याची शक्यता ८ टक्के. ५२५ च्या टॉवेलची अपेक्षाच ५००.४ आहे, म्हणजे जवळपास निम्मे नापास. ५७० च्या टॉवेलची चिंताच नको. तुम्हाला असा कोरा टॉवेल निवडायचा असेल ज्याची पास होण्याची शक्यता किमान ९५ टक्के आहे, तर अपेक्षा ५०० + १.६४५ × ७.२ = ५११.८ हवी, त्यासाठी x = ५४० + १.८ / ०.६४, म्हणजे सुमारे ५४३ ग्रॅम. ५४३ च्या वरचे टॉवेल कडक अटीच्या गिऱ्हाइकाला आणि खालचे दुसऱ्या ऑर्डरला, अशी विभागणी तुम्ही धुण्याआधीच करू शकता. (रेषा नमुन्यावरून काढलेली असल्यामुळे ७.२ मध्ये थोडी भर पडते. शेदोनशे जोड्या असतील तर ती नगण्य असते, वीस जोड्यांवर मात्र तसं म्हणता येणार नाही.)

हा वापर योग्य आहे, कारण इथे तुम्ही आहे तो माल नुसता निवडताय. पण लवकरच कोणीतरी तुम्हाला वेगळा प्रश्न विचारेल: "पाईलचं सूत वाढवून कोरं वजनच वाढवलं तर? किती वाढवायचं?" इथे ०.६४ लावू नका.

कारण बघा. सरासरी ५४० वरून ५१० वर येते, म्हणजे घट साडेपाच टक्के. खळ निघते, थोडे तंतू झडतात. त्या हिशेबाने कोऱ्या वजनात एक ग्रॅम खरा कापूस वाढला तर धुतल्यावर ०.९४ ग्रॅम टिकायला हवा. मग उतार ०.६४ च का? कारण दोन कोऱ्या टॉवेलांतला फरक हा सगळा कापसाचा नसतो. काही खळ कमीजास्त बसल्याचा असतो, आणि बराचसा ओलाव्याचा. कापूस हवेतलं पाणी पटकन घेतो आणि सोडतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी तोललेला टॉवेल आणि पावसाळ्यात सकाळी तोललेला टॉवेल यांत काही ग्रॅमचा फरक कापूस तेवढाच असतानाही पडतो. हा फरक धुलाईत पुसला जातो, Y पर्यंत पोचत नाही. X मध्ये असा न टिकणारा भाग जितका जास्त, तितका उतार खाली दबतो. ०.६४ ला ०.९४ ने भागलं तर ०.६८ येतो. म्हणजे कापसाचा खरा उतार ०.९४ मानला तर X च्या व्हेरियन्सपैकी साधारण एक तृतीयांश भाग न टिकणारा आहे. तो सुमारे ७२, त्याचं वर्गमूळ साडेआठ ग्रॅम, टॉवेलच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास. ओलावा आणि खळ मिळून एवढा फरक सहज पडू शकतो.

यावरून दोन गोष्टी करा. पहिली, कोरे टॉवेल तोलण्याआधी एकाच हवेत काही तास पसरून ठेवा. लॅबमध्ये सोय असेल तर २७ अंश सेल्सियस आणि ६५ टक्के आर्द्रता ही आपल्याकडची कापड चाचणीची प्रमाण हवा आहे. तशी खोली नसेल तर निदान सगळे टॉवेल एकाच खोलीत, एकाच वेळी तोला. वरचा अंदाज खरा असेल तर ओलाव्याचा भाग गेल्यावर उतार ०.९४ कडे चढेल, सहसंबंध ०.९ च्या वर जाईल आणि ७.२ चं विचलन बरंच खाली येईल. तसं झालं नाही, तर कारण ओलावा नसून खळ किंवा धुलाईतला फरक आहे, हेही त्यातूनच कळेल.

दुसरी, पाईल वाढवण्याचा निर्णय नोंदींतल्या उतारावर घेऊ नका. सगळ्या मालातले ९५ टक्के टॉवेल ५०० वर हवे असतील तर धुतलेल्या मालाची सरासरी ५०० + १.६४५ × १२, म्हणजे सुमारे ५१९.७ हवी. आजच्यापेक्षा ९.७ ग्रॅम जास्त. ०.६४ ने भागलं तर कोऱ्यात १५ ग्रॅम वाढवा असं उत्तर येतं, ०.९४ ने भागलं तर साधारण १० ग्रॅम. टॉवेलमागे पाच ग्रॅम म्हणजे लाख टॉवेलांना पाचशे किलो. म्हणून आधी एक-दोन मागांवर पाईलची उंची मुद्दाम वाढवा, तेवढ्याच मागांवर ती आहे तशीच ठेवा, दोन्हीकडचे टॉवेल एकाच धुलाईत घाला आणि धुतलेल्या सरासऱ्यांतला फरक कोऱ्या सरासऱ्यांतल्या फरकाने भागा. तो आकडा ०.९४ च्या जवळ येतो का ते बघा, आणि पाईल किती वाढवायचं ते त्याच आकड्यावरून ठरवा.